जिवलग मैत्रिणीच्या घरचं कार्य चुकवलं, तर माफीचं पत्र कसं लिहावं

माझ्या मैत्रिणीच्या वडिलांना मी हॉस्टेलच्या दिवसांपासून नानाच म्हणते. गेल्या मार्गशीर्षात एका रविवारी वाईला त्यांच्या घरी सहस्रचंद्रदर्शनाचं कार्य होतं. साडेएकोणतीस दिवसांनी एक पौर्णिमा, म्हणजे हजार पौर्णिमा व्हायला ऐंशी वर्षं आणि दहाएक महिने लागतात. लग्नाला गेलो नाही तर निदान बारसं असतं, मुंज असते. हे कार्य मात्र एका माणसाच्या आयुष्यात एकदाच होतं. नाना 34 वर्षं शाळेत शिकवत होते. त्यांचं मानपत्र मी लिहिलं होतं आणि ते वाचायचंही मीच, असं दोन महिने आधी ठरलं होतं.

मी गेले नाही. शनिवारी रात्री ऑफिसचं काम करत बसले, सकाळी सातला निघायचं ते दहाला निघाले. शिरवळपर्यंत पोचले तेव्हा बारा वाजत आले होते आणि पुढे खंबाटकीत गाड्या तुंबल्याचं कळलं. आता होम झाला असेल, औक्षण झालं असेल, नुसतं पंगतीला काय तोंड दाखवायचं, या विचाराने मी गाडी वळवली आणि पुण्याला परत आले. वळण्यापूर्वी शिरवळहूनच तिला मेसेज केला, ‘अगं घाटात भयंकर ट्रॅफिक आहे, पोचणं अशक्य आहे, खूप खूप सॉरी.’ तिचं उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

त्यानंतर मी जे पत्र पाठवलं ते माझं पाचवं पत्र होतं. आधीची चार फाडली. ती का फाडावी लागली आणि पाचव्यात काय वेगळं होतं, ते इथे क्रमाने सांगते. माझं उदाहरण मैत्रिणीचं आहे, पण मित्राला लिहायचं असेल तरी पायऱ्या याच.

लिहायला बसण्यापूर्वी हाताशी काय हवं

- कार्याची निमंत्रणपत्रिका. तारीख, वेळ, कार्याचं नेमकं नाव आणि घरातल्यांची नावं त्यातूनच बघून लिहा.
- त्या दिवशी तुम्ही पाठवलेले मेसेज, जसेच्या तसे. आपण काय लिहिलं होतं हे आठवणीतून सांगायला गेलो की ते आपोआप सौम्य होतं.
- त्या कार्यात तुमच्याकडे काही काम ठरलेलं असेल तर ते. वाचन, आहेर मांडणं, पाहुणे आणणं, काहीही.
- कार्याला हजर असलेल्या एखाद्या तिसऱ्या माणसाचा फोन नंबर.
- साधे पांढरे कागद, निळं किंवा काळं पेन, पाकीट. आणि घरात एक तास असा, की मध्ये कोणी हाक मारणार नाही.

1. आधी दोन ओळींचा मेसेज पाठवा

पत्र पोचायला आणि मुळात लिहून व्हायला वेळ लागतो. तोपर्यंत तुमच्याकडून नुसती शांतता गेली, तर समोरचीला वाटतं की तुमच्या लेखी विषय संपला. म्हणून कार्याच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी छोटा मेसेज जाऊ द्या. पहिल्या दिवशी शक्यतो नको. त्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेलं असतं, मांडववाल्याचा आणि आचाऱ्याचा हिशेब चाललेला असतो, आणि तुमचा लांबलचक मेसेज तिला गर्दीत उभ्या उभ्या वाचावा लागतो.

आधी खोटं किंवा अर्धवट काही लिहून बसला असाल, तर ते याच मेसेजमध्ये मागे घ्या. मी लिहिलं होतं, ‘रविवारी मी जे कळवलं ते पूर्ण खरं नव्हतं. चूक माझी आहे. नीट लिहून पाठवते. तू उत्तर देऊ नकोस, आराम कर.’ शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. त्यामुळे तिच्यावर ‘ठीक आहे गं, होतं असं’ म्हणण्याची जबाबदारी येत नाही. जवळची माणसं हे वाक्य सवयीने म्हणून टाकतात, आणि एकदा ते म्हटलं गेलं की खरं बोलायची वाट दोघींनाही बंद होते.

फोन का नाही, असं मला एका मैत्रिणीने विचारलं. फोनवर ती गप्प राहिली की मी ती शांतता भरायला बोलत सुटते आणि भरीला कारणं येतात. पत्रात ती गप्प राहू शकते. वाटलं तर आठवडाभर.

2. आपण नव्हतो तेव्हा तिथे काय झालं, ते शोधा

माझ्या पहिल्या पत्रात हेच नव्हतं. त्यात ‘मी एवढा मोठा प्रसंग चुकवला याचं मला किती वाईट वाटतंय’ असं दोन पानं लिहिलं होतं. सगळं पत्र माझ्याबद्दल होतं. तिचं काय झालं हे मला ठाऊकच नव्हतं.

ते तिलाच विचारू नका. ज्याचं नुकसान झालं त्याच्याकडूनच नुकसानीची यादी मागण्यासारखं ते होतं. कार्याला असलेल्या तिसऱ्या कोणाला तरी विचारा, आणि विचारताना ‘ती चिडली आहे का गं?’ असं विचारू नका, कारण तो प्रश्न फिरत फिरत तिच्याकडे जातो. ‘कार्य कसं झालं, सांग ना सगळं’ एवढंच म्हणा आणि ऐका.

आमच्या एका सामाईक मैत्रिणीने मला सांगितलं ते असं. अकरा वाजल्यापासून पुढच्या रांगेतली एक खुर्ची पर्स ठेवून माझ्यासाठी राखली होती. औक्षणाला 81 दिव्यांची ताटं तयार होती. नानांनी दोनदा विचारलं, ‘ती आली का?’ साडेबारापर्यंत मानपत्र थांबवलं, त्यामुळे पंगत लांबली आणि मधुमेह असलेल्या एका आजोबांना आधी जेवायला बसवावं लागलं. शेवटी मैत्रिणीच्या नववीतल्या भाच्याने ते तिच्या मोबाइलवरून वाचलं. दोन ठिकाणी अडखळला. आणि त्या सगळ्या वेळात माझी मैत्रीण पडवीत माझा फोन लावत होती, जो मी गाडी चालवताना उचलला नव्हता आणि नंतर शरमेने उचलला नाही.

हे ऐकल्यावर माझं पत्र बदललं. तोपर्यंत मी ‘आले नाही’ याची माफी मागत होते. खरं तर तिला त्या दिवशी तासभर स्वतःच्या वडिलांच्या कार्यात मन घालता आलं नाही, कारण ती माझी वाट बघत होती. माफी त्याची मागायला हवी होती.

यातलं सगळं पत्रात उतरवायचं नाही. दोन-तीन गोष्टी घ्या, ज्या तिच्या जिव्हारी लागल्या असतील. मी खुर्ची, नानांचा प्रश्न आणि तिचे फोन एवढंच घेतलं. आजोबांच्या जेवणाचं लिहिलं असतं तर ते ‘बघ, मला किती माहिती आहे’ असं वाटलं असतं.

3. कारण एकदाच आणि खरं सांगा

कारण अजिबात सांगायचं नाही, असा सल्ला काही जण देतात. मला तो पटत नाही. जवळच्या माणसाला कारण हवंच असतं. ते नाही सांगितलं तर ती रात्री स्वतःच कारणं शोधते, आणि ती नेहमी खऱ्या कारणापेक्षा वाईट असतात. पण कारण दोन वाक्यांत मावलं पाहिजे, आणि ते शेवटच्या वळणाचं पाहिजे.

शेवटचं वळण म्हणजे ज्या ठिकाणी तुमच्या हातात अजून निर्णय होता ते. माझ्या बाबतीत ट्रॅफिक होती हे खरंच होतं. ऑफिसचं काम होतं हेही खरं होतं. पण शिरवळला मी उभी होते, वाई तिथून चाळीसेक किलोमीटर राहिली होती आणि गाडीत पेट्रोल होतं. दोन वाजता पोचले असते तरी नाना घरीच होते. मी वळले कारण उशिरा जाऊन सगळ्यांच्या नजरा झेलायच्या नव्हत्या. हे कारण लिहायला मला सर्वात जड गेलं, आणि तुम्हालाही जे लिहायला सर्वात जड जाईल, बहुतेक तेच खरं कारण असेल.

आपल्या हाताबाहेरचं काही घडलेलं असेल, मूल अचानक आजारी पडलं, परदेशातून सुट्टी मिळाली नाही, विमान रद्द झालं, तर न येण्याबद्दल स्वतःला दोषी ठरवणारं पत्र लिहू नका. ते वाचणाऱ्यालाही खोटं वाटतं. पण तेव्हाही एक प्रश्न स्वतःला विचारा: कळवलं कधी? सुट्टी मिळणार नाही हे तीन आठवडे आधी कळलेलं असताना कार्याच्या आदल्या रात्री सांगितलं असेल, तर चूक त्या तीन आठवड्यांची आहे. माफी तेवढ्याचीच मागा.

4. क्रियापदांमध्ये लपू नका

माझी दुसरी आणि तिसरी पत्रं इथे फसली. आपल्या भाषेत करणाऱ्याला बाजूला ठेवून बोलायची फार सुंदर सोय आहे. ‘यायला जमलं नाही.’ ‘निघायला उशीर झाला.’ ‘कळवायचं राहून गेलं.’ ‘फोन घेणं झालं नाही.’ यातल्या एकाही वाक्यात ‘मी’ नाही. असलाच तर ‘मला’ आहे, म्हणजे जणू माझ्यावरच काहीतरी येऊन पडलं. रोजच्या बोलण्यात ही वाक्यं सभ्य आहेत, मीही वापरते. माफीच्या पत्रात मात्र ती वाचणारीला एकच गोष्ट सांगतात: हिने काही केलं नाही, हिच्याकडून ‘झालं’.

उपाय सोपा आहे. कच्चं पत्र लिहून झालं की पेन्सिल घ्या आणि प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारा. मग प्रत्येकाला विचारा, कोणी? उत्तर ‘मी’ असेल आणि वाक्यात ‘मी’ नसेल, तर वाक्य बदला. माझ्या पत्रात हे असे बदल झाले:

- ‘निघायला उशीर झाला’ याचं ‘मी तीन तास उशिरा निघाले’.
- ‘पोचणं शक्य झालं नाही’ याचं ‘मी शिरवळहून परत फिरले’.
- ‘तुझे फोन बघायचे राहिले’ याचं ‘तुझे फोन मी बघितले आणि उचलले नाहीत’.

तिसरं वाक्य लिहिल्यावर मी पेन खाली ठेवून स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले होते. पण पुढे मैत्रिणीने पत्रातलं जे एक वाक्य मला बोलून दाखवलं, ते हेच.

क्रियापदांखेरीज आणखी काही शब्द आहेत जे पत्रात आले की थांबून बघावं.

‘तर’. ‘तुला वाईट वाटलं असेल तर माफ कर.’ म्हणजे वाईट वाटलं नसेल तर माफीची गरज नाही, आणि वाटलं असेल तर तो तिच्या वाटण्याचा प्रश्न. ‘असेल तर’ पूर्ण खोडा. ‘तुला वाईट वाटलं’ एवढं ठेवा.

‘पण’. माफीच्या वाक्यानंतर ‘पण’ आला की त्याच्या आधीचं सगळं पुसलं जातं. कारण सांगायचं असेल तर ते माफीच्या आधी येऊ द्या, नंतर नको.

‘असो’. मराठी पत्रात नको असलेला विषय बंद करायला हा शब्द पिढ्यान्पिढ्या वापरला जातो. माझ्या तिसऱ्या पत्रात ‘असो, बाकी काकूंची तब्येत कशी आहे?’ असं होतं. ज्या विषयासाठी पत्र लिहिलं तोच मी ‘असो’ म्हणून झटकून टाकला होता.

‘समजून घे’ आणि ‘तू मला ओळखतेसच’. दोन्हींत तिच्यावर काम टाकलं आहे. आधी दुखावलेपण तिचं, वर समजूतदारपणाही तिनेच दाखवायचा.

राहिला प्रश्न माफीच्या शब्दाचा. ‘दिलगीर आहे’ आणि ‘क्षमस्व’ हे सूचनाफलकावरचे शब्द आहेत, जिवलगाला लिहू नका. तुम्ही एकमेकींशी बोलताना ‘सॉरी’च म्हणत असाल तर तो शब्द चालेल, पण एकदाच. मला ‘माझं चुकलं’ जवळचं वाटतं. मात्र ते एकटं सोडू नका, काय चुकलं ते लगेच पुढे यायला हवं. ‘मला माफ कर’ ही तर मागणीच आहे, आणि ती पत्रात नसली तरी बिघडत नाही. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाचे रॉय लेविकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये माफीच्या सहा भागांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात जबाबदारी स्वीकारणं सर्वात परिणामकारक आणि ‘मला क्षमा करा’ ही विनंती सर्वात कमी परिणामकारक आढळली. चार पत्रं फाडून मी तिथेच पोचले होते.

5. भरपाई लहान असू द्या, आणि नाकारता येईल अशी

माझ्या चौथ्या पत्रात मी लिहिलं होतं, ‘नाना-काकूंना घेऊन आपण सगळे महाबळेश्वरला जाऊ, सगळी व्यवस्था माझी.’ सकाळी वाचलं आणि फाडलं. वाईच्या माणसांना महाबळेश्वरचं कौतुक काय, हा भाग वेगळाच. खरी अडचण अशी की मोठी भरपाई ही मोठी उसनवारी असते. ती स्वीकारली की माफही करावं लागतं.

जे मोडलं त्याच आकाराचं काहीतरी शोधा. माझ्याकडून मानपत्र वाचणं राहिलं होतं. म्हणून मी लिहिलं की नानांना आणि तुला चालणार असेल तर मी एकटी येऊन त्यांच्यापुढे ते वाचेन. पाहुणे नकोत, फोटो नकोत. आणि लगेच पुढे, की हे नको वाटलं तर तसं सांगायचीही गरज नाही, तू काही बोलली नाहीस तर मी समजेन.

एक जागा फार सांभाळायची. ‘रविवारी घरी येते’ असं परस्पर ठरवून मोकळं होऊ नका. तुम्ही येणार म्हटल्यावर त्या घरात स्वयंपाक होणार, आणि कार्याने दमलेल्या काकूंना पुन्हा पुरणाचा घाट घालावा लागणार. दिवस त्यांना ठरवू द्या, आणि जेवणाची वेळ टाळून तीन-चारच्या सुमाराला येते असं स्वतःच लिहा.

6. पूर्ण पत्र

हे माझं पाचवं पत्र. नाव गाळलं आहे, बाकी तसंच.

> प्रिय ——,
>
> रविवारी नानांच्या सहस्रचंद्रदर्शनाला मी आले नाही. तुला मेसेज केला तेव्हा मी घाटात नव्हते. शिरवळला होते आणि तिथून मी गाडी वळवली.
>
> शनिवारी मी रात्री दोनपर्यंत ऑफिसचं काम करत बसले. ते सोमवारीही चाललं असतं. सकाळी तीन तास उशिरा निघाले. शिरवळला वाटलं, आता उशिरा पोचून सगळ्यांसमोर कशी उभी राहू. त्या लाजेपायी मी परत फिरले. तुझे फोन मी बघितले आणि उचलले नाहीत.
>
> तू माझ्यासाठी खुर्ची धरून ठेवली होतीस. नानांनी मी आले का म्हणून दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा उत्तर तुला द्यावं लागलं. वर्षभर तू ज्या दिवसाची तयारी केलीस, त्या दिवशी तुला बापाजवळ बसायचं होतं आणि तू पडवीत उभी राहून मला फोन करत होतीस. तो वेळ मी तुझ्याकडून घेतला. तो मला परत देता येणार नाही.
>
> माझं चुकलं. उशिरा निघाले ते चुकलं, परत फिरले ते त्याहून जास्त, आणि खोटं कारण कळवलं ते सर्वात जास्त.
>
> मानपत्र नानांपुढे बसून वाचायची माझी इच्छा आहे. तुला आणि त्यांना चालेल तेव्हा, कोणत्याही वारी, दुपारी चहाच्या वेळेला. नको वाटलं तर तसं कळवायचीही गरज नाही.
>
> नानांना वेगळं पत्र लिहिलं आहे, याच पाकिटात आहे. द्यायचं की नाही ते तू ठरव.
>
> तुझी,
> ——

एका पानाचं आहे, आणि एका पानापलीकडे जाऊ नये असं माझं मत आहे. दुसरं पान सुरू झालं की तिथे आपण स्वतःचं दुःख सांगायला लागतो. जुन्या आठवणीही यात नाहीत. ‘आठवतं, आपण हॉस्टेलच्या गच्चीवर...’ असं लिहायचा मोह मला चारही वेळा झाला. गोड आठवण माफीच्या शेजारी ठेवली की ती लाच वाटते.

7. घरातल्या मोठ्यांना वेगळं पत्र

कार्य तिच्या वडिलांचं होतं, म्हणून त्यांनाही लिहायला हवं. पण ‘नानांनाही माझा नमस्कार आणि सॉरी सांग’ असं तिच्या पत्रात घालू नका. तुमचा निरोप पोचवण्याचं काम तिचं नाही.

मोठ्यांच्या पत्रात मायना नीट असावा, कारण त्या पिढीचे डोळे आधी तिथेच जातात. ‘तीर्थरूप’ हे स्वतःच्या आईवडिलांना आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना. मैत्रिणीच्या वडिलांना, म्हणजे जे आपल्याला वडिलांसारखे आहेत त्यांना, ‘तीर्थस्वरूप’. मी ‘तीर्थस्वरूप नानांना शिरसाष्टांग नमस्कार’ असं लिहिलं. पुढचे ‘वि. वि.’ वगैरे येत असतील तर लिहा, सराव नसेल तर अर्धवट लिहिण्यापेक्षा साधा नमस्कार बरा. आणि इथे अर्थातच ‘तुम्ही’. बोलताना मी नानांना ‘अहो नाना’ म्हणते, तेच पत्रात ठेवलं.

मजकूर पाच-सहा ओळींचा पुरे. शिरवळ, ऑफिस, फोन हा तपशील त्यांना देऊ नका. मी लिहिलं: ‘तुमच्या कार्याला मी आले नाही आणि तुम्ही दिलेलं काम केलं नाही. कारण माझा निष्काळजीपणा, दुसरं काही नाही. तुम्ही माझी चौकशी केलीत हे कळलं आणि मान खाली गेली. तुमच्या पाया पडायला यायची परवानगी मागते.’ खाली ‘आपली आज्ञाधारक’ लिहिणार होते, पण सांगितलेलं काम न करणारीने ते कसं लिहायचं. नुसतं नाव लिहिलं.

माझ्याकडून इथे एक चूक झाली. मी दोन्ही पत्रं एकाच अक्षरात, बारीक लिहिली. मोठ्या माणसांचं पत्र ठळक, सुटं आणि ओळी सोडून लिहा.

8. कागद, पाकीट, टपाल

पोस्टकार्ड उघडं असतं, पोस्टमनपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे वाचतात, म्हणून ते नको. आंतरदेशीय पत्र चिकटवून बंद करता येतं, पण त्यात दुसरा कागद घालता येत नाही, आणि आपल्याला तर दोन पत्रं पाठवायची आहेत. म्हणून साधं पाकीट. दोन-तीन कागदांसकट ते 20 ग्रॅमच्या आत बसतं आणि त्याला 5 रुपयांचं तिकीट लागतं.

रजिस्टर्ड पोस्ट 2025 मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे. स्पीड पोस्टाने पत्र नक्की पोचतं आणि माग काढता येतो, पण पोस्टमन दारात उभा राहून सही मागतो. माफीचं पत्र नोटिशीसारखं यावं असं मला वाटलं नाही, म्हणून मी साध्या टपालानेच पाठवलं. पत्राचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकू नका. तिकडे निळ्या खुणा दिसतात, आणि त्या दिसल्या की तुम्ही उत्तराची वाट बघायला लागता.

9. पाठवल्यानंतर

‘पत्र मिळालं का?’ हा मेसेज करायचा नाही. मी पंधरा दिवसांची मुदत स्वतःला घालून घेतली होती, आणि त्यानंतरही विचारायचं नाही, फक्त एरवी पाठवते तसा साधा मेसेज सुरू करायचा, असं ठरवलं होतं. सामाईक मैत्रिणीलाही विचारलं नाही.

बाराव्या दिवशी तिचा फोन आला. पत्राचं नावही न काढता तिने विचारलं की पुण्यात नानांसाठी बारीक काठाचं उपरणं कुठे मिळेल. मी दुकान सांगितलं. मग म्हणाली, ‘नानांना मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बारीक वाचता येत नाही. तुझं पत्र मीच वाचून दाखवलं त्यांना. मोठ्या अक्षरात लिहायचं ना गं.’ थोड्या वेळाने, ‘बघितले आणि उचलले नाहीत, हे लिहिलंस ते बरं केलंस. मला वाटत होतं तुला काही झालं.’ एवढंच. मी ‘हो’ म्हणाले. तिथे पुन्हा माफी मागायला लागू नका, पत्राने जे सांगितलं ते पुन्हा सांगितलं की तिला तुमची समजूत काढावी लागते.

पुढच्या मंगळवारी रजा टाकून मी सकाळीच निघाले. साडेअकरालाच वाईत पोचले आणि तीन वाजेपर्यंत घाटावर, ढोल्या गणपतीपाशी बसून राहिले. उपरणं आणि मोठ्या ठशात छापून आणलेलं मानपत्र बरोबर होतं. नाना ओसरीवर बसले होते. पाया पडले तर म्हणाले, ‘आधी चहा घे.’ चहा झाल्यावर मी वाचलं. मध्येच त्यांनी एका शब्दाचा ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त केला, तो मी पेनने तिथेच सुधारला. मैत्रीण दाराच्या चौकटीला टेकून शेवटपर्यंत उभी होती.

निघताना तिने गाडीत डबा ठेवला. त्या रविवारचा विषय तिने अजून काढलेला नाही, मीही काढत नाही. पुढच्या वैशाखात त्या भाच्याची मुंज आहे. मी आदल्या दिवशी मुक्कामाला जाणार आहे, आणि ते तिला अजून सांगितलेलं नाही, फक्त रजेचा अर्ज दिला आहे.